रांगतं मूल, मांजर आणि ट्रॉलीतली झुरळं

आम्ही डोंबिवलीला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी तेरा महिन्यांची आहे, रांगते, धरून उभी राहते आणि सापडेल ते तोंडात घालते. घरात मांजर आहे, हॉलमध्ये लहानसा फिशटँक आहे. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांमध्ये बारीक झुरळं झाली आहेत, रात्री दिवा लावला की पळतात. बाथरूममध्ये अधूनमधून एखादं मोठं लालसर झुरळ निघतं. पेस्ट कंट्रोलवाल्याने पत्रक दिलं, त्यावर ‘हर्बल, वास नाही, मुलांना आणि प्राण्यांना शंभर टक्के सुरक्षित’ असं लिहिलंय. सगळं घर फवारून देतो, दोन तास बाहेर बसा, म्हणतो. सासूबाई म्हणतात खडूच्या रेघा ओढ, आणि त्यांच्याकडे कुठल्याशा औषधाची जुनी बाटलीही आहे. दोन तास पुरतात का? मांजरीचं आणि माशांचं काय करू?
— एक आई, डोंबिवली

ताई,

सगळं घर फवारून घेऊ नका. ट्रॉल्यांमधल्या बारीक झुरळांना फवारणी लागत नाही, त्यांना जेल लावतात. आणि घरात फवारणी होणार नसेल तर दोन तास की चार तास हा प्रश्नच उरत नाही. जेलच्या बाबतीत काळजी वेगळीच घ्यावी लागते. ते औषध पुढचे काही आठवडे तुमच्या घरात राहणार असतं, त्यामुळे ते नेमकं कुठे लावलंय हे बघायचं. उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करते.

आधी तुमच्याकडे कोण आहे ते ओळखू. रात्री बाराच्या पुढे, दिवा न लावता, टॉर्च घेऊन सिंकखालची ट्रॉली उघडा आणि बिजागरीच्या खाचेत बघा. काळ्या मिरीची भरड सांडल्यासारखे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा. फिकट तपकिरी, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर आणि डोक्यामागे दोन गडद उभे पट्टे असलेलं झुरळ दिसलं की ते जर्मन झुरळ. नावाने परदेशी असलं तरी आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ते पक्कं मुरलंय. हे गटारातून येत नाही. किराण्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून, पाइपांच्या भोकातून शेजारच्या घरातून येतं आणि ऊब, पाणी व खाणं जिथे जवळजवळ आहे तिथे राहतं. म्हणून ते सिंकखाली, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, मिक्सरच्या बुडाशी आणि वॉटर प्युरिफायरच्या आत सापडतं. प्युरिफायरच्या आत बघायचं बहुतेकांना सुचत नाही.

मादी अंड्यांची तपकिरी कुपी शेपटाशी धरून फिरते. एका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात आणि ती फुटायच्या बेताला आली की मगच मादी तिला सोडते. अंडी फुटायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. फवाऱ्याने समोर दिसणारी झुरळं मरतात, पण कुपीतली अंडी बहुतेकदा वाचतात. आणि नेहमीच्या फवाऱ्यातलं औषध झुरळांना पळवून लावणारं असल्यामुळे उरलेली आणखी आतल्या फटींत शिरतात. दोन-तीन दिवस घर स्वच्छ वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. या प्रकारात तुमच्या मुलीच्या हाताखाली मात्र अख्ख्या घराची लादी औषधाची झालेली असते.

जेल म्हणजे झुरळाचं खाणं, ज्यात थोडं विष मिसळलेलं असतं. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार वापरतात, एकात फिप्रोनिल ०.०५ टक्के असतं आणि दुसऱ्यात इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, फटीत परत जातं आणि तिथे मरतं. बाहेर न पडणारी पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात, म्हणजे विष त्यांच्यापर्यंतही पोचतं. ऐकायला किळसवाणं आहे, पण जेलची खरी ताकद यातच आहे.

आता तुमच्या मनातली भीती. मुलीने एक ठिपका बोटाने उचलून खाल्ला तर? ठिपका मसूर डाळीएवढा असतो. आपण जास्तच धरू, पाव ग्रॅम. फिप्रोनिलच्या जेलमध्ये त्यातलं विष होतं साधारण ०.१२५ मिलिग्रॅम. मुलगी नऊ किलोची असेल तर किलोमागे ०.०१४ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत उंदरांवर जी चाचणी होते, तिच्यात निम्मे उंदीर मरायला किलोमागे सुमारे ९७ मिलिग्रॅम लागतात. दोन आकड्यांत काही हजार पटींचा फरक आहे. माणसाचं मूल म्हणजे उंदीर नव्हे, तेव्हा असं झालंच तर तोंड पुसून, थोडं पाणी पाजून डॉक्टरांना फोन करायचाच. पण तेवढ्यासाठी हातपाय गाळायचं कारण नाही. मांजरीने एखादा ठिपका चाटला तरी हिशेब याच जातीचा आहे. हेच फिप्रोनिल पिसवांसाठी मांजरीच्या मानेवर घालायच्या थेंबांतही असतं. (तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या कुणाच्या घरी ससा असेल तर त्याच्यापासून फिप्रोनिल लांब ठेवा, सशाला ते सोसत नाही.)

ठिपक्याची गोष्ट अशी असली तरी ट्यूबची तशी नाही. इमिडाक्लोप्रिडच्या ३५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये जवळपास ७५० मिलिग्रॅम विष असतं. नऊ किलोच्या मुलाने ती पिळून खाल्ली तर किलोमागे ८० मिलिग्रॅमच्या वर जातं, आणि उंदरांच्या चाचणीतला आकडा इथे साधारण ४५० आहे. म्हणजे हजारो पटींचं अंतर पाच-सहा पटींवर येतं. काम करून जाताना माणूस ‘थोडं उरलंय, लागलं तर लावा’ म्हणून अर्धी ट्यूब ओट्यावर ठेवून जातो आणि आपण ती चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकतो. हे होऊ देऊ नका. उरलेली ट्यूब त्याच्या पिशवीतून परत गेली पाहिजे.

मग ठिपके कुठे? तुमची मुलगी धरून उभी राहते, म्हणजे तिचा हात ओट्याच्या कडेखालपर्यंत सहज पोचतो. दोन-तीन महिन्यांत आणखी वर जाईल. तेव्हा त्या उंचीच्या खालचा उघडा पृष्ठभाग जेलला पूर्ण बंद. लादी-भिंतीच्या कडेला, दरवाजाच्या चौकटीच्या खाली, डायनिंग टेबलाच्या पायाला काही लावायचं नाही. ठिपका जायला हवा बिजागरीच्या वाटीच्या आत, ट्रॉली पूर्ण बाहेर काढून तिच्या चॅनेलच्या मागच्या टोकाला, सिंकच्या भांड्याच्या बुडाशी जिथे ते दगडाला चिकटलंय त्या फटीत, फ्रिजच्या मागे आणि प्युरिफायरच्या मागच्या भिंतीवर. झुरळंही तिथेच असतात, त्यामुळे मुलीच्या सोयीसाठी कामात काही कमी करावं लागत नाही. उलट टाइल्सवर दिसतील असे ठसठशीत ठिपके मारणारा माणूस तुम्हाला काम दाखवतोय. टाइल्सवर झुरळ राहत नाही, तिथलं जेल वाळून वाया जातं.

लहान ठिपके जास्त ठिकाणी हवेत. मोठा गोळा एकाच जागी लावला तर तो वरून सुकतो, आणि मांजरीच्या नजरेत भरतो ते वेगळंच.

त्या दिवशी काय काय होईल ते सांगते. आदल्या रात्री ओटा, गॅसखालची जागा आणि ट्रॉल्यांच्या तळाचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने काढून कोरडा करा. झुरळाला ओट्यावर तेल आणि भाताची शितं मिळत असतील तर ते जेलकडे कशाला वळेल? फिनेल किंवा वासाचं क्लिनर मात्र वापरू नका. खालच्या तीन-चार ट्रॉल्या रिकाम्या करा, भांडी बेडरूममध्ये चादरीखाली ठेवा. वरची कपाटं रिकामी करायची गरज सहसा पडत नाही. मुलीच्या बाटल्या, तिची वाटी-चमचा, मांजरीचं पाण्याचं भांडं आधीच स्वयंपाकघरातून बाहेर काढा. हे औषध उडून पडेल म्हणून नाही, तर त्या माणसाचे जेल लागलेले हातमोजे कुठे कुठे टेकतील ते आपल्या हातात नसतं.

नुसतं जेल लावायला एका स्वयंपाकघराला पाऊण ते एक तास लागतो. दहा मिनिटांत उरकलं तर त्याने बिजागऱ्या उघडल्याच नाहीत असं समजा. तेवढा वेळ मुलगी आणि मांजर दुसऱ्या खोलीत, दार लावून. घर सोडून जायची गरज नाही. कुणीतरी एक मोठं माणूस मात्र त्याच्यासोबत स्वयंपाकघरात उभं राहू दे आणि ठिपका कुठे कुठे लावला ते फोनवर टिपून घेऊ दे. ही यादी दोनदा उपयोगी पडते. एकदा मूल काही चाटताना दिसलं तर, आणि दुसऱ्यांदा तीन आठवड्यांनी, कुठला ठिपका संपला आणि कुठला तसाच राहिला हे बघायला. तो गेल्यावर ओट्याची वरची बाजू आणि लादी साध्या पाण्याने पुसून घ्या आणि मगच मुलीला आत सोडा. ट्रॉल्यांच्या बिजागऱ्या, चॅनेल आणि फटी पुढचा महिनाभर पुसायच्या नाहीत. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही हे सांगा. सणाच्या आधी जोरात साफसफाई होते आणि चांगलं लावलेलं जेल फडक्याबरोबर निघून जातं, हे फार वेळा बघितलंय.

आणखी एक. जेल लावल्यावर दिसलेल्या झुरळावर बाजारातला स्प्रे मारायचा नाही. स्प्रेचा अंश जेलवर पडला की झुरळ त्याला तोंड लावत नाही, आणि तुमचे पैसे गेले. पहिले चार-पाच दिवस उलट जास्त झुरळं दिसतील, दिवसाढवळ्या अडखळत चालणारीसुद्धा. ती मरायला निघालेली असतात. कागदात उचलून कचऱ्यात टाका. ओट्यावर पडून राहू देऊ नका. मांजर ती खेळायला घेते. तिच्या पोटात त्यातून जाणारं विष नगण्य असतं, पण एवढी किळस कशाला सोसायची?

आता फवारणीबद्दल, कारण शेजारी करतील किंवा घरातलं कुणी हट्ट धरेल. घरगुती फवारणीत बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्डा-सायहॅलोथ्रिन असतं. ही सगळी पायरेथ्रॉइड या एका घराण्यातली औषधं. माणसाचं शरीर ती बऱ्यापैकी लवकर मोडून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृताकडे त्यासाठी लागणारी एक यंत्रणा फार कमकुवत असते, त्यामुळे कुत्र्याला चालतं ते तिला चालत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे दाट थेंब कुणी मांजरीला लावले की तिला थरथर सुटते, झटके येतात, हे पशुवैद्यांच्या नित्याच्या अनुभवातलं आहे. फवाऱ्याचं औषध त्या मानाने खूप पातळ असतं आणि पूर्ण सुकल्यावर धोका बराच उतरतो. पण मांजर ओल्या लादीवरून चालते आणि मग बसून निवांत पंजे चाटते. तेरा महिन्यांचं मूलही जवळपास हेच करतं, फक्त बसून नाही, रांगता रांगता. त्याचं वजन कमी, त्वचा त्या मानाने जास्त, नाक लादीपासून वीतभर उंचीवर.

म्हणून घरात कुठल्याही कारणाने फवारणी झालीच तर ‘दोन तास’ हा नियम धरू नका. हाताला ओल लागत नाही इतकं सुकणं आणि त्यानंतर खिडक्या उघडून, पंखा लावून तासभर हवा खेळणं, हे दोन्ही झाल्यावर आत यायचं. पावसाळ्यात डोंबिवलीच्या दमट हवेत सुकायलाच तीन-चार तास जातात. लेबलवर यापेक्षा जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळायचा. परतल्यावर मुलगी जिथे रांगते ती मोकळी लादी साबणाच्या पाण्याने पुसून काढायची, कडा तशाच ठेवायच्या. फवारणीच्या वेळी खेळणी, चटई, मांजरीचं अंथरूण घरात उघडं असता कामा नये.

माशांचं वेगळंच. पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी, अगदी थोडं पाण्यात गेलं तरी ते मरू शकतात. टँकचा एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे हवेत तरंगणारं औषध आपणच पाण्यात ढकलतो. तुमच्या घरी फक्त जेल लावणार असतील तर टँकला हात लावायची गरज नाही. शेजारच्या घरात किंवा जिन्यात फवारणी असेल त्या दिवशी मुख्य दार आणि त्या बाजूच्या खिडक्या बंद, टँकवर प्लॅस्टिक आणि ओला टॉवेल, पंप तासाभरापुरता बंद. घरातच फवारणी असेल तर मासे बादलीतून शेजारी हलवलेले बरे.

बाथरूममधलं मोठं लालसर झुरळ हे वेगळं प्रकरण आहे. ते अमेरिकन झुरळ, त्याचं घर इमारतीच्या ड्रेनेज चेंबरमध्ये. पाऊस पडून चेंबर भरले की ते पाइपातून वर येतं. तुमच्या बाथरूमच्या लादीवर फवारून चेंबरमधलं एकही झुरळ मरणार नाही, आणि त्याच लादीवर तुम्ही मुलीला आंघोळ घालता. तिथे औषध नकोच. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं राहतंय ना बघा. वापरात नसलेल्या बाथरूमची नहाणी आटते आणि तिथून रस्ता मोकळा होतो, तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. रात्री जाळीवर झाकण ठेवा. बेसिनखालचा पाइप भिंतीत जिथे शिरतो त्या भोकाभोवती सिमेंट किंवा सिलिकॉन भरून घ्या. औषध मारायचंच तर ते चेंबरमध्ये, आणि ते काम सोसायटीने करायचं, पावसाच्या आधी.

पत्रकातला ‘हर्बल’ हा शब्द सोडून द्या. बऱ्याचदा त्या नावाखाली नेहमीचंच जेल असतं, आणि ते ठीक आहे. वास नाही म्हणजे औषध नाही असं नाही, पाण्यात मिसळणाऱ्या नव्या औषधांना वास नसतोच. आणि खरोखर वनस्पतींचं तेल असेल तर मांजरीसाठी ती काही खुशखबर नव्हे. टी ट्री किंवा लिंबूवर्गीय तेलं तिला बाधतात. फोनवर त्या माणसाला एवढंच विचारा, औषधाचं नाव काय आणि त्यात टक्के किती. ‘इंपोर्टेड केमिकल आहे मॅडम’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दुसरं, पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली राज्याच्या कृषी विभागाचा परवाना लागतो, त्याचा फोटो मागा. देणारे लगेच देतात. तिसरं, ट्यूब किंवा बाटली तुमच्यासमोर मूळ वेष्टनातूनच निघाली पाहिजे. पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं औषध दाराबाहेर. लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. हिरवा सर्वांत सौम्य, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे अत्यंत विषारी. लाल घरात येऊ द्यायचा नाही. मूल रांगत असेल तर पिवळ्यालाही मी नाहीच म्हणते. आणि त्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

सासूबाईंना खडूबद्दल नीट समजावून सांगा, कारण त्या पिढीचा त्यावर फार विश्वास आहे. खडूच्या रेघेतही पायरेथ्रॉइडच असतं आणि ते लादीवर, मुलीच्या गुडघ्याच्या वाटेत, पूड होऊन पडतं. मांजर त्यावरून चालते. शिवाय तो दिसतो पाटीवरच्या खडूसारखा. हातात सापडला की मूल तो तोंडात घालणार किंवा भिंतीवर रेघा मारणार. जुन्या बाटलीचं आणखी वाईट. बरीच वर्षं घराघरांत फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉस, म्हणजे डीडीव्हीपी, केंद्र सरकारने २०१८च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केलं. बाटलीवर यांपैकी कुठलंही नाव असेल, किंवा लेबलच उडालेलं असेल, तर ती उघडू नका, मोरीत ओतू नका, भंगारवाल्याला देऊ नका. झाकण घट्ट करून, दुसऱ्या पिशवीत बांधून, मुलीच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा आणि महापालिकेच्या घनकचरा विभागाला घरगुती घातक कचरा कुठे घेतात ते विचारून तिथेच द्या.

हे सगळं करूनही काही घडलंच तर काय? जेल किंवा औषध तोंडात गेलं तर बोटाने तोंड पुसून काढा, थोडं पाणी पाजा, उलटी करवू नका. फवाऱ्याच्या औषधांत रॉकेलसारखे द्रावक असू शकतात, उलटीबरोबर ते फुप्फुसात गेले तर मूळ विषापेक्षा जास्त त्रास देतात. मीठ-पाणी, दूध, कच्चं अंडं, काही नको. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार. लेबलचा फोटो समोर ठेवून दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर फोन करा, तो निःशुल्क आहे. मूल सुस्त झालं, सारखी लाळ गळू लागली, खूप घाम सुटला, श्वास घरघरू लागला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या किंवा झटका आला तर फोनात वेळ न घालवता १०८ किंवा थेट रुग्णालय. मांजरीचे कान फडफडू लागले, लाळ सुटली, अंगाला थरथर आली तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने तिचं अंग धुवून, टॉवेलात गुंडाळून पशुवैद्याकडे. घरी थांबून ‘बघू उतरतंय का’ करायचं नाही.

काम झालं की नाही हे कसं कळणार? जेल लावायच्या आदल्या रात्री चिकट सापळे ठेवा. औषध नसलेले, पुठ्ठ्याचे मिळतात. एक फ्रिजमागे, एक सिंकखालच्या बंद ट्रॉलीत, एक गॅसखालच्या कप्प्यात. मांजरीचा पंजा जाईल अशा उघड्या जागी नको. चिकटलाच तर ओढू नका, खायच्या तेलाने सोडवा. सकाळी मोजा आणि लिहून ठेवा. समजा फ्रिजमागे वीस, सिंकखाली बारा, गॅसखाली तीन सापडली. दोन आठवड्यांनी त्याच जागी नवे सापळे ठेवल्यावर फ्रिजमागे चार आणि बाकी दोन्हीकडे एखाददुसरं असेल तर जेल लागू पडलंय. फ्रिजमागे चार आणि सिंकखाली अजून दहा असतील तर औषध बरोबर आहे, सिंकखालची जागा चुकली किंवा तिथे पाणी गळतंय. आधी गळती थांबवा.

दुसरी भेट पहिल्या भेटीनंतर तीन ते चार आठवड्यांनी मागा. त्या सुमारास पहिल्या वेळी वाचलेल्या कुप्या फुटलेल्या असतात आणि जुनं जेल वाळायला आलेलं असतं. एका भेटीचेच पैसे घेणाऱ्यापेक्षा दोन भेटी धरून भाव सांगणारा निवडा. वर्षाच्या कराराचा निर्णय दुसऱ्या भेटीनंतर, सापळे बघून घ्या. त्या दिवशी टिपलेली यादी काढा आणि ठिपके बघा. चाटून संपलेले असतील तर तिथेच पुन्हा तेच जेल. पण सापळ्यात झुरळं आहेत आणि शेजारीच ठिपका जसाच्या तसा, न खाल्लेला दिसतोय, तर तुमच्याकडच्या झुरळांना त्या जेलची चव नको झाली आहे. जर्मन झुरळांच्या काही वंशांत गोडाची नावड तयार होते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. अशा वेळी ‘डोस वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा आणि दुसऱ्या औषधाचं, दुसऱ्या कंपनीचं जेल आणायला सांगा. फिप्रोनिल असेल तर इमिडाक्लोप्रिड, इमिडाक्लोप्रिड असेल तर फिप्रोनिल. ठिपका तेवढाच, मसूर डाळीएवढा.